मूल बोलत नाही : कारण ऐकण्यात आहे का, हे कसे ओळखावे

दोन वर्षे उलटली तरी मूल बोलत नाही, अशी काळजी आईने बोलून दाखवली की घरातून बहुधा पहिले उत्तर येते, “पण त्याला ऐकू तर सगळे येते.” दार आपटले की तो दचकतो, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे पाहतो, बाहेर फटाका वाजला की रडतो. ही निरीक्षणे खरी असतात. मात्र त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो आणि त्या चुकीपायी मुलाचे वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो : घरच्या निरीक्षणावरून ऐकण्यात दोष असल्याची शंका घेता येते, पण दोष नाही अशी खात्री घरी कधीच करून घेता येत नाही. बोलणे उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी व्हायला हवी, मग ते कितीही ‘ऐकणारे’ वाटो. ही तपासणी कशी करून घ्यावी आणि तिचा अहवाल कसा समजून घ्यावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

आवाज कळणे आणि बोलणे कळणे

ऐकणे कमी होते तेव्हा ते सगळ्या आवाजांसाठी सारखेच कमी होत नाही. एक मीटर अंतरावरून केलेले साधे बोलणे साधारण 60 डेसिबलच्या आसपास असते. कुकरची शिट्टी किंवा दार आपटल्याचा आवाज त्याहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे ज्या मुलाला मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष आहे, ते शिट्टीला नेमके वळून पाहते, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले आजीचे वाक्य त्याच्यापर्यंत पुसट गुणगुण होऊन पोहोचते.

दुसरी बाब आवाजाच्या पट्टीची. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात, तर स, श, च, ख, त यांसारखी व्यंजने क्षीण असून त्यांतली पुष्कळशी वरच्या पट्टीत असतात. आतल्या कानाचे अनेक दोष वरच्या पट्टीतले ऐकणे आधी आणि अधिक बिघडवतात. अशा मुलाला ‘साखर’, ‘चादर’ आणि ‘कागद’ हे तिन्ही शब्द जवळजवळ एकसारखे, ‘आ-अ’ असे ऐकू येतात. हाक मारली की ते वळते, कारण हाकेतला स्वर त्याला ऐकू येतो. पण शब्दाशब्दांतला फरक कळत नसल्याने त्याला शब्द शिकता येत नाहीत. मोठ्याने बोलूनही फारसा उपयोग होत नाही, कारण ओरडताना आपण मुख्यतः स्वरच वाढवतो. मराठीत तर ‘तू आलास’, ‘खातोस का’ यांतला शेवटचा ‘स’, ‘घरात’मधला ‘त’, ‘आईचा’मधला ‘च’ अशा हळू उच्चारल्या जाणाऱ्या, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनांवर बरेचसे व्याकरण अवलंबून आहे. सौम्य दोष असलेले मूल पुष्कळदा शब्द बोलते, पण हे शेवट गाळते, आणि घरच्यांना ते लाडिक बोबडेपण वाटते.

पहिली पायरी : उशीर म्हणजे किती उशीर

पहिल्या चार-पाच महिन्यांत बाळ ‘आऽऽ’, ‘ऊऽऽ’ असे आवाज काढते, खिदळते. ऐकू न येणारे बाळही हे सगळे करते, म्हणून या वयातल्या आवाजांवर विसंबून राहू नये. खरा फरक दिसतो तो साधारण सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान. ऐकू येणारे बाळ या काळात ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ अशी अक्षरांची माळ लावू लागते, कारण आजूबाजूला ऐकलेले आणि स्वतःच्या तोंडून निघालेले त्याला जुळवून पाहता येते. अकराव्या महिन्यापर्यंत ही माळ सुरू झाली नसेल, किंवा आधी निघणारे आवाज हळूहळू कमी होत गेले असतील, तर ती ऐकण्याबाबतची महत्त्वाची खूण आहे. बहुतेक घरांत मात्र लक्ष पहिल्या शब्दाकडे लागलेले असल्यामुळे ती निसटते.

त्यापुढे वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द, दीड वर्षापर्यंत निदान दहाएक शब्द आणि दोन वर्षांपर्यंत पन्नासएक शब्दांबरोबर ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. मुलगे उशिरा बोलतात, वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, घरात मराठी आणि हिंदी दोन्ही बोलतात, जीभ चिकटलेली आहे, ही कारणे ऐकून तपासणी लांबवू नये. दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चार अडखळतात, पण मूल शब्दच बोलत नाही असे त्यामुळे होत नाही. आधी येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर वय कोणतेही असो, तपासणी लगेच करावी.

दुसरी पायरी : घरचे निरीक्षण

तपासणीची वेळ मिळेपर्यंत आठवडाभर नीट पाहिलेले आणि वहीत लिहिलेले निरीक्षण तज्ज्ञाला फार उपयोगी पडते. अट एवढीच की मुलाला डोळ्यांनी किंवा स्पर्शाने सुगावा लागता कामा नये. पाठीमागे टाळी वाजवली की हवेचा झोत मानेला लागतो, सावली हलते, समोर बसलेल्या मावशीची नजर मागे वळते. ताट आपटले की फरशीचे कंपन तळपायांना जाणवते. ऐकू न येणारी मुले अशा खुणा टिपण्यात फार तरबेज असतात.

पंखा आणि टीव्ही बंद करावा. मूल खेळण्यात रमलेले असताना, त्याला दिसणार नाही असे मागे आणि थोडे बाजूला, साधारण एक मीटरवर उभे राहून नेहमीच्या आवाजात एकदाच हाक मारावी. मग थोड्या वेळाने तीन मीटरवरून, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने. मुलाला अंदाज येऊ नये म्हणून प्रयत्नांमध्ये बराच वेळ जाऊ द्यावा. हाकेऐवजी एकेक सुटा आवाज काढूनही पाहावे : म्, ऊ, आ, ई, श् आणि स्. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला या सहा आवाजांत येतो, आणि श्रवणयंत्र बसवलेल्या मुलांच्या रोजच्या पडताळणीसाठी जगभर हेच सहा आवाज वापरले जातात. ‘आ’ला मूल थबकते, पण ‘स्’ला कधीच काही होत नाही, असे वारंवार दिसले तर ते तारखेसह लिहून ठेवावे.

यापेक्षाही बोलकी परीक्षा सूचनांची आहे. “चप्पल आण” म्हटल्यावर मूल चप्पल आणते, म्हणून त्याला समजते असे आपण मानतो. पण तेव्हा आपण पिशवी उचललेली असते, दाराकडे पाहिलेले असते, बहुधा बोटही दाखवलेले असते. दुपारी, बाहेर जायची कसलीही तयारी नसताना, हात न हलवता आणि चपलेकडे न पाहता तेच वाक्य म्हणावे. प्रसंगाचा आधार काढून घेतल्यावर मूल नुसते तोंडाकडे पाहत राहिले, तर आजवर ते शब्दांवरून नव्हे, प्रसंगावरून समजून घेत होते.

येथे स्वमग्नतेचा प्रश्न येतो, कारण हाकेला न वळणे ही तिचीही खूण आहे. केवळ ऐकू न येणारे मूल सहसा चेहऱ्याकडे टक लावून पाहते, बोट दाखवून मागते, आपल्याला आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवायला आणते आणि हातवाऱ्यांनी पुष्कळ सांगते. ज्या मुलाला हाक कळत नाही, पण मागच्या खोलीत बिस्किटाचा पुडा हळूच चुरगळला तरी जे धावत येते, त्याचे ऐकणे बऱ्यापैकी असण्याची शक्यता अधिक. तरीही घरी निवाडा करू नये. या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, म्हणून विकासाच्या इतर चाचण्यांआधी श्रवणतपासणी करून घेणेच योग्य.

तिसरी पायरी : कोठे जावे, कोणती तपासणी मागावी

कान-नाक-घसा तज्ज्ञ कानाची रचना आणि आजार पाहतात. ऐकणे किती आहे हे मोजण्याचे काम ऑडिओलॉजिस्टचे, आणि ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असावेत. लहान मुलाची पहिली तपासणी केवळ यंत्रे विकणाऱ्या दुकानात करू नये. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे ‘डीईआयसी’, वैद्यकीय महाविद्यालयांचे कान-नाक-घसा विभाग आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था येथे ही सोय असते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांना भेट देतात. अंगणवाडीताईंना सांगून त्या पथकाची चिठ्ठी घेतली तर डीईआयसीमध्ये नोंद सोपी होते.

तपासण्या मुख्यतः चार, आणि त्यांतली एकटी कोणतीही पुरेशी नाही. ओएईमध्ये कानात बारीक टोक ठेवून आतल्या कानातल्या पेशींनी परत पाठवलेला क्षीण आवाज टिपतात. ती काही मिनिटांत होते, पण तिचे उत्तर ‘पास’ किंवा ‘रेफर’, म्हणजे पुढे तपासून घ्या, एवढेच असते. टिम्पॅनोमेट्री कानाच्या पडद्याची हालचाल मोजते आणि त्यामागे पाणी साठले आहे का ते सांगते. बेरामध्ये मूल झोपलेले असताना कानात आवाज सोडून, डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून श्रवणनसेचा आणि मेंदूच्या बुंध्याचा प्रतिसाद नोंदवतात. त्यावरून आवाज किती हळू करत नेला तरी प्रतिसाद मिळतो हे डेसिबलमध्ये कळते. हा आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी. चौथी तपासणी वर्तनावरची : सहा महिन्यांपासून साधारण अडीच वर्षांपर्यंत आवाजाकडे वळले की खेळणे उजळते अशा पद्धतीने, आणि त्यापुढे आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा अशा खेळातून. मूल खरोखर काय ऐकते हे हीच तपासणी सांगते, तरी वेळखाऊ म्हणून ती अनेकदा वगळली जाते. ती आवर्जून मागावी.

जन्मतः ओएई ‘पास’ झाल्याचा कागद असला तरी निश्चिंत राहू नये. सौम्य दोष तिच्यातून निसटू शकतो, काही आनुवंशिक दोष आणि गर्भावस्थेतल्या सीएमव्ही विषाणूमुळे होणारे दोष नंतर उमटतात, आणि श्रवणनसेत संदेश विस्कळीत होण्याचा विकार असेल तर आतल्या कानाच्या पेशी ठीक असल्यामुळे ओएई पास होते व बेरात मात्र लहरी दिसत नाहीत. जन्मल्यावर अतिदक्षता विभागात राहिलेल्या, रक्त बदलावे लागण्याइतकी कावीळ झालेल्या बाळांत हा विकार अधिक आढळतो, म्हणून त्यांच्यासाठी बेरा अनिवार्य समजावी.

चौथी पायरी : तपासणीचा दिवस

बेरा वाया जाण्याची कारणे फार साधी असतात. मूल झोपत नाही, हे त्यांतले पहिले. आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवावे आणि प्रवासात डुलकी लागू देऊ नये. पुष्कळदा हीच डुलकी सगळी झोप संपवते. डोक्याला तेल आणि कपाळाला तीट लावू नये, कारण इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. आदल्या दिवशी केस धुवावेत. कानात तेल घालण्याची आपल्याकडची सवय तपासणीपूर्वीच नव्हे तर एरवीही सोडावी. तेल आणि मळ यांनी नळी बुजली की ओएई ‘रेफर’ येते आणि घरभर विनाकारण भीती पसरते. झोपेचे सिरप लागलेच तर ते वजनानुसार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, केंद्रातच द्यायचे असते. घरून पाजून आणू नये. किती वेळ आधी खाणे थांबवायचे, हे केंद्राला विचारून ठेवावे. सर्दी-ताप किंवा छातीत घरघर असेल तर आधीच फोन करून तारीख बदलावी.

पाचवी पायरी : अहवाल वाचणे

एक उदाहरण धरून चालू. सव्वादोन वर्षांची मुलगी आहे. ‘आई’, ‘बाबा’ आणि पाण्यासाठी ‘पा’ एवढेच शब्द आहेत. हवे ते हात धरून दाखवते, डोळ्यांत पाहून हसते. जन्म सुखरूप झाला, पण जन्मानंतर ऐकण्याची तपासणी झालेली नाही. सर्दी वारंवार होते. वडिलांचे लग्न मामाच्या मुलीशी झालेले आहे. हा तपशील संकोचाने लपवला जातो. पण नात्यातल्या लग्नात दोन्ही पालकांकडून एकच सुप्त जनुकीय दोष मुलाकडे येण्याची शक्यता वाढते, म्हणून तो सांगायलाच हवा.

ओएई दोन्ही कानांत ‘रेफर’ येते आणि टिम्पॅनोमेट्रीत दोन्हीकडे ‘बी टाइप’, म्हणजे सपाट आलेख. अर्थ असा की पडद्यामागे पाणी आहे. येथे सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो : सर्दीचे पाणी आहे, औषधाने जाईल, तीन महिन्यांनी पाहू. मला हा क्षण सर्वांत धोक्याचा वाटतो. पाणी असताना ओएई जवळजवळ नेहमीच ‘रेफर’ येते, त्यामुळे आतल्या कानाविषयी तिने काहीच सांगितलेले नाही. शिवाय केवळ पाण्यामुळे ऐकणे साधारण 25 ते 30 डेसिबलपर्यंत जाते आणि 40च्या पलीकडे क्वचितच जाते. सव्वादोन वर्षांच्या मुलीकडे तीनच शब्द असावेत, याचे पूर्ण स्पष्टीकरण तेवढ्यावर मिळत नाही. म्हणून आईने विचारायचा प्रश्न एकच : “पाण्याच्या मागे नस कशी आहे, हे कशावरून कळेल?”

त्याचे उत्तर हाडामार्गे केलेली बेरा. नेहमीच्या बेरात आवाज कानाच्या नळीतून जातो आणि त्याला पाण्याचा अडथळा होतो. हाडामार्गे करताना कानामागच्या हाडावर कंपक ठेवतात, त्यामुळे आवाज मधल्या कानाला वळसा घालून थेट आतल्या कानाशी पोहोचतो. समजा या मुलीत नळीतून 65 डेसिबलपर्यंत लहरी मिळाल्या आणि हाडामार्गे 45पर्यंत. दोहोंतला 20चा फरक हा पाण्याचा वाटा. पाणी पूर्ण ओसरले तरी 45 उरणारच, आणि तो दोष आतल्या कानातला आहे. केवळ सर्दीवर उपचार करत राहिले असते, तर दर पावसाळ्यात पाणी भरत राहिले असते आणि खरा दोष त्याआड दडून राहिला असता. दोन्ही आकडे 20च्या आत असते, तर मात्र ऐकण्याचा अडसर बऱ्याच अंशी बाजूला सारून पुढच्या कारणांकडे वळता आले असते.

अहवालात दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. ‘क्लिक’ आवाजाने केलेली बेरा मुख्यतः वरच्या पट्टीचे सांगते. खालच्या पट्टीसाठी ‘टोन बर्स्ट’ नावाची बेरा किंवा एएसएसआर ही तिच्यासारखीच तपासणी लागते, आणि श्रवणयंत्र बसवायचे असेल तर या माहितीवाचून ते अंदाजाने बसवले जाते. दुसरे, ‘90 डेसिबलला प्रतिसाद नाही’ या ओळीचा अर्थ ‘काहीच ऐकू येत नाही’ असा नसतो. त्या आवाजाला, त्या पातळीपर्यंत लहरी दिसल्या नाहीत एवढाच असतो. श्रवणनसेच्या वर सांगितलेल्या विकारात तर लहरी नसूनही मुलाला बरेच ऐकू येत असू शकते. म्हणूनच बेराचा आकडा वर्तन-तपासणीशी आणि घरच्या वहीतल्या निरीक्षणाशी ताडून पाहावा. तिन्ही जुळत नसतील तर तपासणी पुन्हा करावी.

निदानानंतरचे पहिले महिने

या मुलीच्या बाबतीत पाण्यावरचा उपचार आणि श्रवणयंत्र या दोन गोष्टी एकमेकींसाठी थांबवून ठेवायच्या नाहीत. कान वाहत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संमतीने दोन्ही कानांना यंत्र बसवता येते. पाणी टिकून राहिले तर पडद्यात बारीक नळी, ग्रोमेट, बसवण्याचा विचार होतो, आणि पाणी गेले की यंत्राची पातळी पुन्हा ठरवतात. यंत्र जागेपणी पूर्ण वेळ लावायचे. तासभर ‘सवय म्हणून’ लावल्याने भाषा येत नाही. वाढत्या कानात यंत्राचा कानाच्या मापाने केलेला साचा सैल होऊन यंत्र शिट्टी वाजवू लागते, तेव्हा आवाज कमी न करता नवा साचा करून घ्यावा. स्पीच थेरपी त्याच आठवड्यात सुरू व्हावी. दोष तीव्र किंवा अतितीव्र असेल आणि योग्य यंत्रे लावूनही काही महिन्यांत वरच्या पट्टीचे आवाज पोहोचत नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात तार सरकवून बसवायचे उपकरण, याबद्दल लवकर सल्ला घ्यावा. ऐकू न येण्यात गेलेली वर्षे वाढली की त्या शस्त्रक्रियेचा लाभ घटतो. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी अर्थसाहाय्य मिळते, आणि त्यालाही वयाची मर्यादा आहे.

ऐकणे व्यवस्थित निघाले तरी फाइल बंद करू नये. बोलण्याचा उशीर तसाच आहे, म्हणून त्याच भेटीत वाक्-भाषा तज्ज्ञ आणि विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडची चिठ्ठी घ्यावी. बोलण्यात अपेक्षित वाढ दिसली नाही तर सहा महिन्यांनी श्रवणतपासणी पुन्हा करावी.

मेंदूज्वर झालेल्या मुलाला मात्र हे कोणतेही वेळापत्रक लागू नाही. मूल आधी छान बोलत असले, तरी रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर लगेच त्याची बेरा व्हायला हवी. जिवाणूजन्य मेंदूज्वरानंतर आतल्या कानाच्या शंखात काही आठवड्यांतच हाड भरू लागू शकते, आणि एकदा ते भरले की इम्प्लांटची तार आत सरकवणे अवघड, कधी अशक्य होते.